तीन ऑप-अँपचा इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर: गेन, कॉमन मोड आणि न जुळणारे रेझिस्टर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये काम करणारे तंत्रज्ञ आणि नाशिकच्या कॉलेजांत प्रोजेक्ट करणारी मुलं लोडसेलचा ॲम्प्लिफायर स्वतः बांधायला घेतात, तेव्हा साधारण हेच प्रश्न विचारतात. उत्तरांत सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील. उदाहरण असं: १०० किलोचा प्लॅटफॉर्म काटा, २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा लोडसेल, त्याला ५ व्होल्टचा पुरवठा. काट्यावर पूर्ण १०० किलो ठेवले की लोडसेलच्या दोन सिग्नल तारांमध्ये १० मिलिव्होल्टचा फरक मिळतो. ऑप-अँपना ±१२ व्होल्ट दिले आहेत आणि आउटपुट ग्राउंडच्या संदर्भाने मोजतो आहोत.

गेनचं सूत्र नेमकं काय आहे?

आधी नावं ठरवून घेऊ. पहिल्या टप्प्यात दोन ऑप-अँप असतात. त्यांचे फीडबॅक रेझिस्टर R1a आणि R1b, आणि दोघांच्या मध्ये Rg. दुसऱ्या टप्प्यात तिसरा ऑप-अँप आणि चार रेझिस्टर. वरच्या बाजूला R2 (पहिल्या ऑप-अँपकडून इन्व्हर्टिंग इनपुटला) आणि R3 (फीडबॅक). खालच्या बाजूला R4 (दुसऱ्या ऑप-अँपकडून नॉन-इन्व्हर्टिंग इनपुटला) आणि R5 (तिथून रेफरन्सला, आपल्याकडे ग्राउंडला).

```
G1 = 1 + (R1a + R1b)/Rg
G2 = R3/R2        (R5/R4 = R3/R2 असेल तर)
G  = G1 × G2
```

आपल्या काट्यात R1a आणि R1b १० किलोओमचे, Rg २०० ओमचा आणि दुसऱ्या टप्प्यातले चारही १० किलोओमचे आहेत. म्हणजे पहिल्या टप्प्याचा गेन १०१ आणि दुसऱ्याचा १. लोडसेलचे १० मिलिव्होल्ट आउटपुटला १.०१ व्होल्ट होतात, म्हणजे एका किलोला जवळजवळ १० मिलिव्होल्ट. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढची प्रत्येक चूक याच मापाने किलोत मोजता येते.

पहिला टप्पा कॉमन मोड अडवतो ना?

नाही. बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

लोडसेल हा ब्रिज असतो. त्याला ५ व्होल्ट दिले की दोन्ही सिग्नल तारा ग्राउंडपासून सुमारे २.५ व्होल्टवर बसतात. वजनाची माहिती फक्त त्यांच्यातल्या जास्तीत जास्त १० मिलिव्होल्टच्या फरकात आहे. दोन्ही तारांवर सारखाच असलेला २.५ व्होल्ट म्हणजे कॉमन मोड, आणि तो सिग्नलच्या २५० पट आहे.

समजा दोन्ही इनपुटला नेमके २.५ व्होल्टच आहेत, फरक शून्य. प्रत्येक ऑप-अँप आपलं इन्व्हर्टिंग इनपुट २.५ व्होल्टवर आणून ठेवतो. म्हणजे Rg च्या दोन्ही टोकांना २.५ व्होल्ट, त्यामुळे Rg मधून करंटच वाहत नाही. Rg मधून करंट नाही म्हणजे R1a आणि R1b मधूनही नाही. दोन्ही आउटपुट २.५ व्होल्टवरच राहतात. थोडक्यात, फरक १०१ पट झाला आणि कॉमन मोड आला तसाच, एक पटीने, पुढे गेला. अडवण्याचं काम सगळं दुसऱ्या टप्प्यावर पडतं.

मग R1a आणि R1b एकमेकांशी जुळवून घ्यायचे का?

कॉमन मोडसाठी गरज नाही. आत्ताच पाहिलं की कॉमन मोडला त्यांच्यातून करंटच जात नाही, मग त्यांची किंमत काय आहे याने फरक पडणार कुठून? एक १०.१ किलोओमचा आणि दुसरा ९.९ किलोओमचा असला तरी बेरीज तीच राहते, त्यामुळे गेनही तोच. एक १०.१ आणि दुसरा १० असेल तर गेन १०१ ऐवजी १०१.५ होईल, आणि ही अर्ध्या टक्क्याची चूक प्रमाणित वजन ठेवून कॅलिब्रेशन करताना निघून जाते. महागडे रेझिस्टर इथे लावून दुसऱ्या टप्प्यात साधे लावलेले बोर्ड दिसतात. तो खर्च चुकीच्या जागी झालेला असतो.

या दोघांचं आणि Rg चं तापमानानुसार बदलणं मात्र गेनमध्ये उतरतं, म्हणून ते कमी टेम्पकोचे असावेत. तो मुद्दा वेगळा.

दुसऱ्या टप्प्यातले रेझिस्टर जुळले नाहीत तर किती बिघडतं?

दुसरा टप्पा दोन्ही बाजूंचे व्होल्टेज वजा करतो. वजाबाकी अचूक व्हायची तर R3/R2 आणि R5/R4 ही दोन गुणोत्तरं सारखी हवीत. ती सारखी नसतील तर कॉमन मोडचा काही भाग वजा न होता आउटपुटला पोचतो. किती, ते या सूत्राने मिळतं:

```
Acm = [R5/(R4+R5)] × (1 + R3/R2) − R3/R2
```

चारही रेझिस्टर १ टक्का टॉलरन्सचे आहेत आणि चौघंही नको त्या दिशेला गेले आहेत असं धरा: R2 आणि R5 १०.१ किलोओम, R3 आणि R4 ९.९ किलोओम. सूत्रात घातलं की Acm जवळजवळ ०.०२ येतो. २.५ व्होल्टचा कॉमन मोड गुणिले ०.०२ म्हणजे आउटपुटला ५० मिलिव्होल्ट. आपल्या मापाने साधारण ५ किलो. रिकाम्या काट्यावर पाच किलो!

चौघांपैकी एकच १ टक्क्याने चुकला असेल तर Acm ०.००५ येतो आणि चूक सव्वा किलोच्या आसपास राहते. प्रत्यक्षात एकाच पट्टीवरचे रेझिस्टर एकमेकांच्या बरेच जवळ असतात, त्यामुळे पूर्ण पाच किलोची चूक सहसा दिसत नाही. पण छापील टॉलरन्सवर विसंबून डिझाइन करायचं तर हिशोब वाईटात वाईटाचाच धरावा लागतो.

सीएमआरआर म्हणजे फरकाचा गेन भागिले कॉमन मोडचा गेन. इथे १०१ भागिले ०.०२, म्हणजे ५०५०, म्हणजेच ७४ डीबी. रेझिस्टर ०.१ टक्क्याचे घेतले तर ९४ डीबी मिळतात आणि पाच किलोची चूक अर्ध्या किलोवर येते.

पण रिकाम्या काट्यावर टेअर केलं की ती चूक जाते ना?

स्थिर चूक जाते. म्हणूनच कित्येक बोर्ड टेबलावर छान चालतात. अडचण येते ती न जुळणं बदलू लागलं की, किंवा कॉमन मोडच हलू लागला की.

पहिला प्रकार तापमानाचा. निफाड, पिंपळगाव, लासलगाव या पट्ट्यात हिवाळ्याची पहाट आणि दुपार यांत २० अंशांचा फरक सहज पडतो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. साध्या १ टक्का मेटल फिल्म रेझिस्टरचा टेम्पको बहुधा ±१०० पीपीएम प्रति अंश छापलेला असतो. २० अंशांत प्रत्येक रेझिस्टर ०.२ टक्के हलू शकतो. चौघं विरुद्ध दिशांना हलले तर आउटपुटला १० मिलिव्होल्ट, म्हणजे एक किलो. सकाळी सातला टेअर केलेला काटा दुपारी दोनला रिकामा असताना एक किलो दाखवू शकतो, आणि लोडसेलमध्ये काहीही दोष नसतो. चौघं एकाच पट्टीवरचे असतील तर बहुतेक एकाच दिशेला हलतात, त्यामुळे चूक बरीच कमी राहते. पण याची हमी डेटाशीट देत नाही.

दुसरा प्रकार ५० हर्ट्झचा. लोडसेलची लांब केबल मोटरच्या वायरिंगला समांतर गेली की दोन्ही सिग्नल तारांवर सारखाच हम चढतो. तो १ व्होल्टचा असेल आणि Acm ०.०२ असेल तर आउटपुटला २० मिलिव्होल्टचा हम, म्हणजे आकडा दोन किलोच्या आसपास नाचत राहणार. टेअरचा इथे काहीच उपयोग नाही.

सगळा गेन पहिल्या टप्प्यात ठेवा असं सांगतात. त्याने सीएमआरआर किती सुधारतो?

सल्ला बरोबर आहे, पण त्याचं दिलं जाणारं कारण अनेकदा फुगवलेलं असतं. दुसऱ्या टप्प्याचे चारही रेझिस्टर t टॉलरन्सचे असतील (१ टक्क्याला t म्हणजे ०.०१), तर वाईटात वाईट सीएमआरआर असा येतो:

```
CMRR = G1 × (1 + G2)/(4t) = (G + G1)/(4t)
```

या उजव्या बाजूकडे नीट बघा. एकूण गेन १०१ ठेवून सगळा पहिल्या टप्प्यात घातला तर वर २०२ येतात. सगळा दुसऱ्या टप्प्यात घातला तर १०२. म्हणजे फायदा फार तर दुप्पट, ६ डीबी. रेझिस्टरपुरतं पाहिलं तर खरा फरक एकूण गेनने पडतो. कारण आउटपुटला उरणारा कॉमन मोड गेनवर फारसा अवलंबून नसतोच: १ टक्क्याच्या रेझिस्टरना तो २.५ व्होल्टमागे ५० ते १०० मिलिव्होल्ट राहतो. सिग्नल मोठा केला की ही उरलेली चूक त्याच्या मानाने लहान दिसते, इतकंच.

पहिल्या टप्प्यात गेन ठेवण्याची मोठी कारणं दुसरी आहेत. तिसऱ्या ऑप-अँपचा ऑफसेट, नॉइज आणि त्याचा स्वतःचा सीएमआरआर हे तिन्ही इनपुटच्या मापाने G1 ने भागले जातात. आणि गेन बदलायचा तर एकट्या Rg ला हात लावून काम भागतं, चार जुळवलेले रेझिस्टर सोडावे लागत नाहीत.

पहिल्या दोन ऑप-अँपचा सीएमआरआर मात्र असा भागला जात नाही. त्यांच्यातला फरक सरळ इनपुटला सिग्नल म्हणून दिसतो. LM358 ची डेटाशीट किमान ६५ डीबीचीच हमी देते. एकाच चिपमधले दोन ऑप-अँप बऱ्याचदा सारखेच चुकतात आणि ती चूक आपसात कटते, पण त्या भरवशावर ०.०१ टक्क्याचे रेझिस्टर विकत घेऊन उपयोग नाही. आधी ऑप-अँप चांगले निवडा.

साध्या मल्टिमीटरने रेझिस्टर कसे जुळवायचे?

ओमच्या रेंजवर एकेक मोजत बसू नका. साध्या मीटरला १० किलोओमवर ०.१ टक्क्याचा फरक खात्रीने ओळखता येत नाही. शिवाय आपल्याला किंमत नकोच आहे, फक्त दोन गुणोत्तरांमधला फरक हवा आहे. त्यासाठी ब्रिज बांधा.

ब्रेडबोर्डवर R2 आणि R3 सिरीजमध्ये जोडून ५ व्होल्टला लावा. R4 आणि R5 सिरीजमध्ये जोडून त्याच ५ व्होल्टला लावा. R2 आणि R4 एकाच बाजूला, R3 आणि R5 ग्राउंडच्या बाजूला. आता मल्टिमीटर २०० मिलिव्होल्ट डीसी रेंजवर ठेवून दोन्ही मधल्या बिंदूंमध्ये लावा. गुणोत्तरं जुळली असतील तर शून्य दिसेल. एक रेझिस्टर ०.१ टक्क्याने चुकला असेल तर १.२५ मिलिव्होल्ट दिसतील. मीटर ०.१ मिलिव्होल्ट दाखवत असेल तर तुम्ही ०.०१ टक्क्याच्या आसपासचा फरक ओळखता आहात, आणि त्यासाठी महाग उपकरण लागलेलं नाही.

यातली सर्वांत उपयोगी गोष्ट पुढची आहे. सूत्र थोडं फिरवून लिहिलं की Acm म्हणजे (१ + G2) गुणिले या दोन मधल्या बिंदूंचा फरक, भागिले ५ व्होल्ट. आपला G2 १ आहे आणि कॉमन मोड २.५ व्होल्ट. म्हणून ब्रिजवर मीटर जितके मिलिव्होल्ट दाखवेल, तितकेच मिलिव्होल्ट तयार काट्याच्या आउटपुटला चूक म्हणून येतील. मीटरवर ३ मिलिव्होल्ट, तर काट्यावर साधारण ३०० ग्रॅम. बोर्ड बनण्याआधीच हिशोब हातात.

आता एकेका रेझिस्टरजवळ सोल्डरिंग आयर्न न टेकवता क्षणभर धरा आणि आकडा किती सरकतो ते पाहा. एकट्याला तापवलं की सरकणारच, पण चौघांत कोण जास्त हलतो हे लगेच कळतं. त्याला बदला. बोर्डवर चौघांना एकमेकांना खेटून बसवा आणि रेग्युलेटरपासून लांब ठेवा, म्हणजे तापले तरी एकत्र तापतील.

एका जागी ट्रिमपॉट लावून शून्य केलं तर?

चालतं, पण मर्यादा समजून लावा. १ टक्क्याचे बाकी तीन रेझिस्टर धरले तर R5 ला ९.७ ते १०.३ किलोओमपर्यंत जावं लागू शकतं. ९.५३ किलोओमचा स्थिर रेझिस्टर आणि त्याच्या सिरीजमध्ये १ किलोओमचा मल्टिटर्न ट्रिमपॉट, एवढ्यात ते बसतं. दोन्ही इनपुट एकत्र जोडून त्यांना आधी ० आणि मग २.५ व्होल्ट द्या. दोन्ही वेळी आउटपुट तेच राहीपर्यंत स्क्रू फिरवा. आउटपुट शून्य करायचं नाही, न हलणारं करायचं आहे. शून्य करायला गेलात तर ऑप-अँपच्या ऑफसेटलाही त्यात मिसळून टाकाल आणि कॉमन मोड तसाच राहील.

ट्रिमपॉटने आजची चूक जाते, तापमानाची जात नाही. उलट पॉटचा टेम्पको वेगळा असल्याने ती थोडी वाढू शकते.

रेझिस्टर ०.०१ टक्क्याचे लावले, तरीही हम येतो. असं का?

पहिला संशय R5 च्या खालच्या टोकावर घ्या. आउटपुट ग्राउंडपासून थोडं वर उचलण्यासाठी बरेच जण R5 ग्राउंडऐवजी एखाद्या व्होल्टेज डिव्हायडरला जोडतात. समजा ५ व्होल्टपासून ९ किलोओम आणि १ किलोओम लावून ०.५ व्होल्ट बनवले. या डिव्हायडरचा स्वतःचा रोध ९०० ओम, आणि तो R5 च्या सिरीजमध्ये येतो. तुमचा १० किलोओमचा R5 आता १०.९ किलोओमचा झाला. ९ टक्के चूक! Acm ०.०४३ च्या आसपास जातो, म्हणजे सगळे १ टक्क्याचे रेझिस्टर उलट्या दिशांना चुकल्यावर आला असता त्याच्याही दुप्पट. १ व्होल्टच्या हमला आकडा चार किलोवर नाचतो.

उपाय सोपा आहे: डिव्हायडर आणि R5 यांच्या मध्ये एक ऑप-अँप बफर म्हणून लावा. तयार आयसीलाही हे लागू आहे. INA128 ची डेटाशीट सांगते की रेफरन्स पिनच्या सिरीजमध्ये फक्त ८ ओम आले तरी गेन १ ला सीएमआरआर सुमारे ८० डीबीवर येतो. आतले रेझिस्टर ४० किलोओमचे आहेत, त्यांच्यापुढे ८ ओम म्हणजे ०.०२ टक्के. आपल्या सूत्राने हिशोब केला तरी नेमकं तेवढंच येतं.

रेफरन्स ठीक असेल तर इनपुटच्या फिल्टरकडे वळा. दोन्ही तारांवर ग्राउंडला लावलेले कपॅसिटर न जुळणारे असले की ते ॲम्प्लिफायरच्या आधीच कॉमन मोडचा फरक करून टाकतात. दोन तारांच्या मध्ये, त्यांच्या दहापट किमतीचा आणखी एक कपॅसिटर लावला की ही चूक बरीच दबते.

मग तयार आयसीच का वापरू नये?

विक्रीच्या उत्पादनासाठी वापराच. INA128 किंवा AD620 मध्ये दुसऱ्या टप्प्याचे रेझिस्टर चिपवर शेजारी शेजारी बनवलेले आणि कारखान्यात लेझरने जुळवलेले असतात, त्यामुळे तापमानालाही ते एकत्र हलतात. बाहेरून फक्त Rg लावायचा. INA128 चं सूत्र:

```
G = 1 + 50 kΩ/Rg
```

AD620 ला ५० ऐवजी ४९.४ किलोओम. तिथे ४९९ ओमचा Rg लावला की गेन बरोबर १०० येतो. हातानेच बांधायचं असेल तर LT5400 सारखं चार जुळवलेल्या रेझिस्टरचं नेटवर्क मिळतं. सुटे चार रेझिस्टर निवडत बसण्यापेक्षा ते बरं.

वजन ५० किलोच्या आसपासपर्यंत बरोबर, पुढे आकडा वाढतच नाही. हे जुळवणीमुळे का?

नाही, पहिल्या टप्प्यातला एखादा ऑप-अँप सॅच्युरेट होतो आहे. त्यांचे आउटपुट कॉमन मोडच्या वर आणि खाली, G1 गुणिले फरकाच्या निम्म्याने सरकतात. ±१२ व्होल्टला आपल्या गेनमध्ये ते २ आणि ३ व्होल्टच्या मधेच राहतात, काही अडचण नाही. पण तोच बोर्ड LM358 ला एकट्या ५ व्होल्टवर चालवून G1 ४०१ केला, तर पूर्ण वजनाला एका आउटपुटला ४.५ व्होल्टवर जावं लागेल. LM358 साधारण ३.५ व्होल्टलाच थांबतो. शेवटचं आउटपुट पाहून हे कळत नाही, पहिल्या दोन ऑप-अँपचे पिन वेगळे मोजा.

HX711 शे-दोनशेला मिळत असताना हे सगळं कशाला?

आकडा मायक्रोकंट्रोलरवरच दाखवायचा असेल तर HX711 घ्या. त्यात १२८ गेनचा ॲम्प्लिफायर आणि २४ बिटचा एडीसी एकत्र आहे, काट्यासाठीच बनवलेला आहे. पीएलसीला ॲनालॉग सिग्नल द्यायचा असेल, किंवा सेकंदाला हजारो नमुने हवे असतील, उदाहरणार्थ प्रेसवरचा बल मोजताना, तर तीन ऑप-अँपचा सर्किट लागतो. आणि बाजार समितीत किंवा दुकानात मालाची खरेदी-विक्री करायला घरी बांधलेला काटा चालत नाही. त्यासाठी वैध मापन कायदा, २००९ नुसार पडताळणी होऊन शिक्का बसलेला काटाच लागतो.